दुचाकी आली, पण सोडवायची कुठे?

प्रश्न : मुलाने दिल्लीहून पुण्याला रेल्वेने मोटरसायकल पाठवली आहे. ती कुठे मिळेल?

उत्तर : वाचकाने तिकीट खिडकी किंवा मालधक्क्यावर जाऊ नये. मालधक्का वॅगनभर मालासाठी असतो. सुटी दुचाकी स्थानकाच्या पार्सल ऑफिसात येते. तिथे बुकिंगची नव्हे, आवक मालाची खिडकी विचारावी.

दुचाकी सोडवता येते ती मूळ रेल्वे पावतीवर. म्हणून मुलाने पावती आधीच कुरियरने पाठवावी. मोबाइलवरचा फोटो फक्त पार्सल क्रमांक शोधायला उपयोगी. पावती हरवली तर हमीपत्र भरावे लागते आणि बराच वेळ जातो. ओळखपत्र सोबत हवेच.

गाडी उतरल्यावर मोफत मुदत तासांत मोजतात, पुढे स्थान-शुल्क चढते. सही करण्यापूर्वी आरसे, टाकी तपासावी. नुकसान दिसल्यास तिथेच लेखी नोंद करून घ्यावी.

बुकिंगवेळी पेट्रोल काढलेले असते. गाडी पंपापर्यंत ढकलावी लागेल.