मांडव्याच्या रो-रोवर घ्यायची परीक्षा

बाळा, तू पहिल्यांदाच जहाजावर रुजू व्हायला न्यूयॉर्कला निघालास. मुंबईहून सरळ विमानाने पंधरा-सोळा तास लागतात. सीटपाशी चार्जिंग चालू असेलच असं नाही. पॉवरबँक केबिनच्या बॅगेतच न्यावी लागते आणि बऱ्याच कंपन्या ती विमानात वापरू देत नाहीत. म्हणून विमानतळावर मोबाइल पुरता भरून घे आणि पुढे तेवढ्यावरच भागवायचं, असं धरून चाल.

गेम निवडताना एक बघ: तू विचार करत असताना पडद्यावर काही हलतं का? बुद्धिबळात, सुडोकूत पट स्थिर राहतो, त्यामुळे मोबाइलला फारसं काम पडत नाही. गाड्यांच्या शर्यतीत किंवा गोळीबाराच्या गेममध्ये चित्र सेकंदाला तीस-साठ वेळा नव्याने काढावं लागतं. मोबाइल तापतो आणि बॅटरी भराभर उतरते. बुद्धिबळासाठी लीचेस घे. ते फुकट आहे, जाहिराती नाहीत आणि नेटशिवाय मोबाइलशीच डाव खेळता येतो.

डाउनलोड झालं म्हणजे गेम नेटशिवाय चालेलच, असं धरू नकोस. काही गेम पहिल्यांदा उघडल्यावर उरलेला डेटा मागतात, काही दर वेळी लॉगिन तपासतात. म्हणून घरी वायफायवर प्रत्येक गेम उघडून दोन डाव खेळ. मग फ्लाइट मोड लाव, वायफाय बंद आहे ना बघ, गेम पूर्ण बंद करून पुन्हा उघड. अर्धवट डाव जागेवर सापडला तर गेम ठेव. नुसतं चक्र फिरत राहिलं तर काढून टाक.

खरी परीक्षा रो-रोवर घे. मांडव्याहून भाऊच्या धक्क्याला तासभर लागतो. फ्लाइट मोड, पडद्याचा उजेड कमी. अर्धा तास सुडोकू, अर्धा तास शर्यत खेळ आणि आधीचे-नंतरचे टक्के कागदावर लिही. समज, सुडोकूने ३ टक्के खाल्ले आणि शर्यतीने ९. म्हणजे तासाला ६ आणि १८. शंभरातले ३० राखून ठेवले तर उरलेल्या ७० टक्क्यांत सुडोकू साडेअकरा तास चालेल, शर्यत चार तासही नाही. तुझ्या मोबाइलचे आकडे वेगळे येतील. हिशोब हाच.

ते ३० टक्के कशाला, ते सांगतो. एकदा मी उतरलो तेव्हा माझा मोबाइल बंद पडला होता. एजंटचा नंबर, हॉटेलचा पत्ता, सगळं त्यातच. चार्जिंगची जागा सापडेपर्यंत दोन तास बाकड्यावर बसून काढले. जुनी बॅटरी तर १५ टक्के दाखवत असतानाही अचानक मान टाकते. म्हणून ३० वर काटा आला की डाव तिथेच थांबव, मोबाइल बंद करून खिशात ठेव. आणि एजंटचा नंबर आजच कागदावर लिहून पासपोर्टच्या कव्हरात घाल.