चालू बिलाचे पत्र: आकडा कसला, ते आधी सांगा

ठेकेदाराच्या चालू बिलावर जे पत्र लावलेले असते ते बहुधा चार ओळींचे असते. "सदर कामाचे तिसरे चालू बिल रक्कम रुपये 16,82,680 सादर करीत आहोत. तरी बिल लवकरात लवकर अदा करून सहकार्य करावे, ही विनंती." भाषा नम्र आहे, विनंती रास्त आहे, पण हा आकडा कसला, ते पत्रात कुठेच नाही. काम सुरू झाल्यापासून आजवरचा, की दुसऱ्या बिलानंतरचा? जीएसटी धरून, की वगळून? कपाती आधीच वजा केल्या आहेत, की कार्यालयाने करायच्या आहेत? हा एक आकडा आठ अर्थांनी वाचता येतो आणि फाइल ज्या ज्या टेबलावर जाते तिथला माणूस तो आपापल्या अर्थाने वाचतो. मीही अशी पत्रे पुष्कळ लिहिली आहेत आणि त्यांवर येणारा "खुलासा व्हावा" हा शेरा मला पाठ आहे. त्या शेऱ्याला मी फार काळ अडवणूक समजत होतो. आता मला वाटते, निम्म्याहून अधिक वेळा तो शेरा आपणच मागून घेतलेला असतो.

याचे कारण बिलाच्या प्रवासात आहे. कोल्हापूर महापालिकेचे काम घ्या. शाखा अभियंता किंवा कनिष्ठ अभियंता जागेवर मोजमाप घेऊन एम.बी.त, म्हणजे मोजमाप पुस्तिकेत, नोंदवतो. उपअभियंता ते तपासतो. पुढे बिल लेखा विभागाकडे जाते, तिथून लेखापरीक्षणाकडे. पहिल्या दोघांनी काम डोळ्यांनी पाहिलेले असते, नंतरच्यांनी पाहिलेले नसते आणि पाहणे त्यांचे कामही नाही. त्यांच्यासमोर फक्त कागद असतो. त्या कागदावरचा आकडा एम.बी.च्या कोणत्या पानावरून आला हे त्यांना स्वतः शोधावे लागले, तर फाइल बाजूला ठेवून सोपी फाइल आधी घेणे हा मनुष्यस्वभाव आहे. म्हणून माझे म्हणणे एवढेच आहे: पत्र हे विनंतीचे नसून पडताळणीचे साधन आहे. मोजलेले काम, कपात आणि मागितलेली रक्कम हे तीन आकडे त्यात वेगवेगळे दिसले पाहिजेत, आणि एकातून दुसरा साध्या वजाबाकीने निघाला पाहिजे.

नमुन्यादाखल एक काल्पनिक काम धरू. शहरातल्या एका प्रभागात आर.सी.सी. गटर आणि पेव्हिंग ब्लॉक, निविदा अंदाजपत्रकापेक्षा 8 टक्के कमी दराची, ठेकेदार एकट्या मालकीचा, आणि बिल तिसरे. वरच्या चार ओळींऐवजी पत्राचा गाभा असा असावा:

मोजमाप: एम.बी. क्र. 214, पृष्ठ 31 ते 46. शेवटचे मोजमाप 28 मे
आजअखेरचे काम, अंदाजपत्रकीय दराने: 42,50,000
वजा 8 टक्के: 3,40,000
आजअखेरचे काम, निविदा दराने: 39,10,000
वजा दुसऱ्या बिलापर्यंत मंजूर झालेले काम: 24,84,000
या बिलातील काम: 14,26,000
अधिक जीएसटी 18 टक्के: 2,56,680
बिलाची एकूण रक्कम: 16,82,680
वजा कपाती (खालील तपशिलाप्रमाणे): 1,28,340
हाती मिळावयाची रक्कम: 15,54,340

यात सर्वांत जास्त चुका पाचव्या ओळीत होतात. चालू बिलाचा हिशेब नेहमी कामाच्या सुरुवातीपासूनचा असतो; त्यातून आधीचे वजा करून या वेळचे काढतात. पण "आधीचे" म्हणजे मागच्या बिलात आपण मागितलेले नव्हे, तर कार्यालयाने मंजूर केलेले. समजा दुसऱ्या बिलापर्यंत आपण 25,10,000 मागितले होते आणि तपासणीत ते 24,84,000 झाले. आता जुन्या प्रतीवरून 25,10,000 वजा केले, तर या बिलात 26,000 रुपये आपणच आपल्या हाताने कमी मागतो. उलट, आजअखेरचा आकडा आपल्या वहीतून आणि मागचा एम.बी.तून घेतला, तर बिल फुगते आणि परत येते. दोन्ही आकडे एकाच पुस्तकातले हवेत. चालू बिलाचे पैसे अंतिम बिलापोटी दिलेली आगाऊ रक्कम मानले जातात, त्यामुळे तिसऱ्या बिलातली चूक तिसऱ्या बिलातच मरत नाही. ती शेवटपर्यंत सोबत येते.

मोजमाप पटत नसेल तर काय? इथे बहुतेकांचा हात चुकतो. मुकादमाच्या हिशेबाने पेव्हिंग 640 चौरस मीटर झालेले असते, एम.बी.त 612 लागलेले असते आणि पत्रात 640 च्या हिशेबाने रक्कम टाकली जाते. त्या 28 चौरस मीटरपायी अख्खे बिल अडकते. अंदाजपत्रकीय दर 780 रुपये धरला, तर 28 चौरस मीटरचे 21,840 होतात आणि 8 टक्के वजा जाता 20,092 रुपये 80 पैसे उरतात. एवढ्या रकमेसाठी साडेपंधरा लाख थांबवणे शहाणपणाचे नाही. रक्कम 612 चीच मागावी आणि खाली स्वतंत्र परिच्छेदात लिहावे: "पेव्हिंगच्या बाबीत साखळी 120 ते 148 मीटर दरम्यानचे 28 चौरस मीटर क्षेत्र मोजमापात आलेले नाही असे आमचे म्हणणे आहे. संयुक्त मोजमाप व्हावे. ही रक्कम या बिलात धरलेली नाही." शेवटचे वाक्य गाळू नये. त्यामुळे तपासणाऱ्याला दोन आकडे जुळवत बसावे लागत नाही आणि आपली हरकतही तारखेसह कागदावर राहते.

ही काळजी झाकल्या जाणाऱ्या कामाला दुप्पट लागते. गटराखालचे काँक्रीट, खोदाईची खोली, भरावाचे थर ही मोजमापे एकदाच घेता येतात. कोल्हापुरात तर जूननंतर पाऊस ही संधी ठेवत नाही. 2019 आणि 2021 च्या महापुरांनी पंचगंगेकाठच्या भागात काय झाले ते सर्वांनी पाहिले आहे. पाण्याखाली गेलेल्या चराची खोली नंतर कोणी मान्य करत नाही. म्हणून अशा बाबींसाठी काम झाकण्यापूर्वी मोजमाप कोणत्या तारखेला घेतले आणि ते एम.बी.च्या कोणत्या पानावर आहे, हे पत्रात एका ओळीत वेगळे लिहावे. काम झाल्यावर मूल्य ठरवायला बसणे किती महाग पडते, हे या शहराला वेगळे सांगायला नको. रस्ते विकास प्रकल्पाच्या टोलवादात झालेल्या कामाचे मूल्यांकन करायला समिती नेमावी लागली होती. तो प्रकल्प वेगळ्या पद्धतीचा, चालू बिलांचा नव्हे. पण किती झाले आणि त्याचे किती, हा प्रश्न तोच.

आता कपाती. आपल्या उदाहरणात करारानुसार सुरक्षा ठेव 5 टक्के म्हणजे 71,300, आयकराचा टीडीएस 1 टक्का म्हणजे 14,260, जीएसटीचा टीडीएस 2 टक्के म्हणजे 28,520 आणि कामगार कल्याण उपकर 1 टक्का म्हणजे 14,260. बेरीज 1,28,340. चारही टक्के 14,26,000 वर काढले आहेत, 16,82,680 वर नव्हे, आणि पत्रात ही गोष्ट शब्दांत लिहिली पाहिजे. जीएसटीचा टीडीएस कर वगळून उरलेल्या किमतीवर असतो. बिलात जीएसटी वेगळा दाखवलेला असेल, तर आयकराचा टीडीएसही त्यावर कापायचा नसतो. एकत्र रक्कम लिहिणारा हा फायदा स्वतः घालवतो. एकट्या जीएसटी टीडीएसमध्ये हा फरक 5,133 रुपये 60 पैशांचा होतो. उपकराचा आणि ठेवीचा आधार मात्र करारात पाहूनच लिहावा. शिवाय या चार कपाती एका जातीच्या नाहीत. ठेव दोषदायित्व कालावधीनंतर परत मागायची असते. दोन्ही टीडीएस आपल्या खात्यावर जमा व्हायचे असतात. जीएसटीचा तर कार्यालयाने GSTR-7 भरल्यावरच दिसतो. उपकर गेला तो गेला. गौण खनिजाची रॉयल्टी याहून निराळी. खडी आणि वाळूच्या वाहतूक पासांच्या प्रती जोडल्या असतील, तर किती ब्राससाठी किती पास हे लिहावे. नसतील तर रक्कम रोखली जाणार हे गृहीत धरावे आणि ती "तात्पुरती रोखलेली" असे स्पष्ट म्हणावे. सगळे एका "इतर कपाती"त कोंबले, की वर्षभराने कोणते पैसे कोणाकडे मागायचे हे आपल्यालाच कळत नाही.

यावर एक हरकत हमखास येते: कपात करणे हे कार्यालयाचे काम, आपण आकडे लिहिले तर ते मान्य केल्यासारखे होईल. ही भीती अगदी निराधार नाही. पण "आमच्या हिशेबानुसार, कमीजास्त असल्यास कळवावे" एवढे शब्द घातले तर ती उरत नाही आणि कार्यालयाने दर किंवा आधार चुकवला तर तो कुठे चुकला हे दोन कागद शेजारी ठेवून दाखवता येते. दुसरी हरकत, हे सारे बिलाच्या छापील फॉर्ममध्ये आणि एम.बी.त असतेच, पुन्हा कशाला? असते, पण ते वीस पानांत विखुरलेले असते. पत्र त्या वीस पानांचा रस्ता दाखवते. ते नवे काही सांगू लागले, म्हणजे एम.बी.त नसलेला आकडा त्यात शिरला, तर मात्र ते नसलेलेच बरे.

तिसरी हरकत सर्वांत खरी आहे. बिल अडते ते पत्रामुळे नव्हे, निधी नसल्यामुळे. 2025 मध्ये थकीत बिलांसाठी राज्यभरातल्या ठेकेदारांनी आंदोलने केली, त्यातली बिले काही गबाळ्या पत्रांमुळे थकली नव्हती. तिजोरीत पैसे नसतील तर उत्तम पत्रही काही करू शकत नाही, हे मान्यच करायला हवे. पण निधी येतो तेव्हा तो मंजूर होऊन बसलेल्या बिलांना आधी मिळतो आणि "खुलाशासाठी परत" गेलेले बिल त्या दिवशी रांगेतच नसते. शिवाय आपले बिल कोणत्या तारखेला पूर्ण अवस्थेत दाखल झाले, याचा पुरावाही आवक क्रमांक पडलेली याच पत्राची प्रत असते.

पत्र दीड पानापेक्षा मोठे होऊ देऊ नका. विनंती शेवटी एका वाक्यात पुरे. टाइप करून आलेल्या पत्रावर सही करण्याआधी मात्र एम.बी. समोर घ्या आणि 42,50,000 पासून 15,54,340 पर्यंतची प्रत्येक ओळ स्वतः कॅल्क्युलेटरवर काढा. मागच्या बिलाचे पत्र उघडून त्यावरच नवे आकडे टाइप करण्याची पद्धत आपल्या सगळ्याच कचेऱ्यांत आहे आणि जुना बिल क्रमांक, जुनी पृष्ठे बहुतेक वेळा तिथेच राहून गेलेली असतात.