मनगटावरचे जांभळे चट्टे आणि तोंडातली पांढरी जाळी

वस्तीतली पन्नाशीची एक बाई. मनगटाच्या आतल्या बाजूला, बांगड्यांच्या जागी, मसुरीएवढे चपटे, चमकदार, काळपट-जांभळे उंचवटे आले. रात्री खाज इतकी की झोप नाही. शेजारणीने खरूज म्हटले, कुणी गजकर्ण म्हटले आणि मेडिकलमधली ट्यूब दोन महिने लावून झाली. आपल्या भागात असा डाग दिसला की कुष्ठरोगाची शंकाही येते. पण कुष्ठरोगाच्या चट्ट्याला खाज नसते, तो बधिर असतो. इथे उलट आहे. या आजाराचे नाव लायकेन प्लॅनस.

डॉक्टर मनगट पाहून लगेच म्हणतात, "तोंड उघडा." गालाच्या आतल्या बाजूला पांढऱ्या रेघांची जाळी दिसते. ती पुसून निघत नाही. बुरशीची पांढरी साय बहुधा पुसून निघते. जाळीभोवती लाल, सोललेले असेल तर तिखट लागताच आग होते. खऱ्र्यानेही तोंडात पांढरेपणा येतो; त्यात तोंड उघडणे कमी होत गेले तर तो वेगळा आजार असू शकतो.

आपल्याच शरीरातल्या संरक्षक पेशी कातडीच्या पेशींवर चालून जातात, म्हणून हे होते. तो एकाचा दुसऱ्याला लागत नाही, भांडीकुंडी वेगळी करू नयेत. नेमके कारण बहुधा सापडत नाही. मात्र काही औषधांनी हुबेहूब असेच चट्टे उठतात: रक्तदाबाच्या काही गोळ्या, मलेरियाची क्लोरोक्वीन. म्हणून चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची पाकिटे पिशवीत घालून न्यावीत. स्वतःहून बंद करू नयेत. काही रुग्णांत 'सी' कावीळ सापडते, म्हणून डॉक्टर रक्त तपासायला सांगू शकतात.

मनगटावर जोरकस स्टिरॉइड मलम, बहुधा क्लोबेटासोल, डॉक्टरांनी सांगितलेले काही आठवडेच लावायचे. बोटाच्या एका पेरावर मावेल तेवढे मलम दोन तळव्यांच्या जागेला पुरते. तेच चेहऱ्याला किंवा जांघेत लावले तर कातडी पातळ होते. खाजवू नये, कारण खाजवल्याच्या रेघेवरच नवे उंचवटे उठतात. कातडीवरचे चट्टे वर्ष-दीड वर्षात बहुधा ओसरतात. काळे डाग मात्र मागे राहतात आणि त्यांवर मलम चोळण्यात अर्थ नाही.

तोंडातला मात्र वर्षानुवर्षे टिकतो. त्यासाठी ट्रायमसिनोलोनची चिकट पेस्ट असते: जेवणानंतर जागा कोरडी करून पातळ थर लावायचा आणि अर्धा तास काही खायचे-प्यायचे नाही. शंभरातल्या एखाद्याला तिथे पुढे कर्करोग होऊ शकतो. खर्रा, तंबाखू आणि विडी यांनी धोका वाढतो, म्हणून ते सोडायला हवे. जाळीच्या जागी दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण किंवा कडक गाठ आली, तर गोंदियाच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात जावे. तिथे गरजेनुसार लहानसा तुकडा काढून तपासतात. त्रास नसला तरी वर्षातून एकदा तोंड दाखवावे.