सूचना व जाहिरात : शब्दमर्यादेतील लेखन

सूचना ज्यांच्यासाठी असते, त्यांना ती वाचावीच लागते. जाहिरात वाचण्याचे बंधन कोणावरही नसते. म्हणून सूचनेत ‘कोणी, काय, केव्हा’ हे आधी येते, तर जाहिरातीत वाचकाचा लाभ आधी येतो. एकाच पुस्तकविक्रीसंबंधीचे पुढील नमुने पाहा. मर्यादा प्रत्येकी ३० शब्दांची आहे. शिरोभाग व सही त्यांत धरलेली नाही.

सूचना
अबक विद्यालय, दि. १५ जून २०२६
इयत्ता दहावीच्या विद्यार्थ्यांनी नववीची जुनी पाठ्यपुस्तके शुक्रवार, दि. १९ जूनपर्यंत ग्रंथालयात जमा करावीत. फाटकी पुस्तके स्वीकारली जाणार नाहीत. विक्री शनिवार, दि. २० जून रोजी सकाळी ८ ते ११ तेथेच होईल.
ग्रंथपाल

जाहिरात
नववीची पुस्तके निम्म्या किमतीत!
स्वच्छ, न फाटलेली पाठ्यपुस्तके.
शनिवार, दि. २० जून; सकाळी ८ ते ११.
ग्रंथालय, अबक विद्यालय.
पुस्तके मोजकीच, लवकर या!

सूचनेत ‘उद्या’ हा शब्द योजू नये. सूचना फलकावर अनेक दिवस राहते आणि ‘उद्या’ मात्र रोज बदलतो. शब्द अधिक झाल्यास ‘कळविण्यास आनंद होतो’ यांसारखी वाक्ये गाळावीत. तारीख, वेळ व स्थळ कधीही गाळू नये.