साहेबांच्या ‘ok’चा अर्थ लावताना

चाकणच्या एका कारखान्यात मी बरीच वर्षं परचेसला होतो. आमचे साहेब मेसेजला बहुतेक वेळा ok एवढंच उत्तर द्यायचे, आणि त्या दोन अक्षरांवरून ते चिडलेत की काय याची चर्चा चहाच्या वेळी रंगायची. चर्चेपुरतं ठीक होतं, पण एकदा त्यापायी पॅकिंग लाइन अर्धा दिवस उभी राहिली. तेव्हा काय घडलं ते सविस्तर सांगतो, कारण असं कुठल्याही ऑफिसात होऊ शकतं.

आमच्याकडे नव्याने लागलेल्या एका मुलाने संध्याकाळी साहेबांना कळवलं, ‘सर, बॉक्सचा सप्लायर मंगळवारऐवजी गुरुवारी माल देणार म्हणतो. मी फॉलोअप घेतला होता. दुसरा सप्लायर उद्या देईल, पण नगामागे दोन रुपये जास्त मागतोय. काय करू?’ साहेबांचं उत्तर आलं, ok. त्याला वाटलं, आपल्यावर भडकलेत. रात्री त्याने तीन लांबलचक मेसेज पाठवले. कोणाला कधी फोन केला, चूक आपली कशी नाही, वर दोनदा सॉरी. सकाळी साहेबांनी बोलावून घेतलं. ‘एवढा खुलासा कशासाठी? फॉलोअपचे मेल दाखव बरं.’ तोवर त्यांच्या मनात काहीच नव्हतं. संशय आला तो खुलाशाने. आणि या सगळ्यात दुसऱ्या सप्लायरची पीओ काढायची राहूनच गेली. दुपारी बॉक्स संपले.

साहेब नंतर माझ्याशी बोलले. आदल्या संध्याकाळी ते ऑडिटरांबरोबर शॉपफ्लोअरवर होते. फोनच्या वर जी पट्टी येते तिच्यात त्यांना पहिली ओळ तेवढी दिसली आणि तिथूनच त्यांनी ok टाकलं. म्हणजे ते ‘माल उशिरा येतोय, कळलं’ एवढंच होतं. प्रश्न त्यांच्यापर्यंत पोचलाच नव्हता.

म्हणून माझं सांगणं असं, की ok आलं की साहेबांचा मूड ताडण्याआधी आपलाच मेसेज वर सरकवून वाचा. आपण माहिती दिली असेल, तर ok हे पुरेसं उत्तर आहे, विषय संपला. ‘हे करू की ते करू’ असं विचारलं असेल, तर ok हे उत्तरच नाही. त्याला परवानगी समजू नका आणि नाराजीही समजू नका. मोकळेपणाने पुन्हा विचारा, पण कामाचं विचारा. ‘सर, रागावलात का?’ या प्रश्नाने समोरच्याला अवघडायला होतं आणि निर्णय लांबतो. त्या मुलाने लगेच एवढंच लिहायला हवं होतं: ‘सर, दुसऱ्या सप्लायरला नगामागे दोन रुपये जास्त देऊन पीओ काढू का? आज सातच्या आत सांगावं लागेल, नाहीतर उद्या दुपारी बॉक्स संपतील.’ प्रश्न पहिल्याच ओळीत असला की पट्टीवरही दिसतो, आणि त्याला आलेलं ok नेमकं कशाला आहे हे स्पष्ट असतं.

अक्षरांच्या रूपावरून तर अजिबात अर्थ काढू नये. फोनच्या कीबोर्डवर पहिलं अक्षर सहसा आपोआप मोठं होतं, लॅपटॉपवर तसं होत नाही. त्यामुळे Ok आणि ok यांतला फरक बऱ्याचदा यंत्राचा असतो. मनगटावरच्या घड्याळात तर तयार उत्तरांची यादीच असते, एक बोट टेकवलं की गेलं.

नाराजी असतच नाही असं मात्र मी म्हणणार नाही. ती ओळखायची तर त्याच माणसाच्या जुन्या उत्तरांशी ताडून पाहावी. जो नेहमीच ok लिहितो त्याच्या ok मध्ये नवं काही नाही. जो एरवी दोन-तीन वाक्यं लिहायचा, खोदून एखादा प्रश्न विचारायचा, तो तुमच्याशीच तुटक झाला आणि बाकीच्यांशी पूर्वीसारखाच आहे, तर लक्ष द्या. तरीही जोडीला वागण्यातली एखादी खूण हवी: तुमच्या कामाची विचारपूस शेजारच्याकडे होऊ लागली, तुमच्या सप्लायरच्या मीटिंगला तुम्हाला बोलावणं येईना, किंवा तुमचे कोटेशन दुसऱ्याकडून तपासून घेतले जाऊ लागले. मीटिंगच्या धांदलीत, महिनाअखेरीला किंवा ऑडिटच्या आठवड्यात आलेली उत्तरं या हिशेबात धरू नका.

अशा खुणा आठवडाभर टिकल्या, तर मेसेजवर विषय काढू नका. साहेब निवांत असताना केबिनमध्ये जा आणि एका ठरावीक कामाबद्दल विचारा: ‘सर, मागच्या महिन्याच्या रेट कम्पॅरिझनमध्ये तुम्हाला काही वेगळं हवं होतं का?’ नाराजी असेल तर बहुतेक साहेब इथे बोलतात, कारण बोलायला हातात कागद असतो. नसेल तर ते रेटबद्दल बोलतील, आणि तुम्ही तेवढं टिपून घेऊन जागेवर परत या.