स्थळाने चौथ्याच दिवशी राजकारण काढलं तर?

प्रश्न : मी २७ वर्षांची, पुण्यात नोकरी करते. विवाहमंडळातून एक स्थळ आलं. पत्रिका जुळली, घरच्यांची बोलणी झाली आणि आम्हाला एकमेकांचे नंबर दिले गेले. सुरुवातीचे दिवस छान गेले, त्यांच्या हरिश्चंद्रगडाच्या ट्रेकवर गप्पा झाल्या. चौथ्या दिवशी रात्री त्यांनी एका नेत्याची टर उडवणारा व्हिडिओ पाठवला. खाली लिहिलं होतं, ‘असल्यांना मतं देणारे महामूर्खच, नाही का?’ माझे बाबा वर्षानुवर्षं त्याच पक्षाला मत देतात. मला काही सुचेना, मी हसण्याचा इमोजी टाकला. तेव्हापासून मनात चुकचुकतंय. मधूनमधून आरक्षणाबद्दलही ते काहीबाही लिहितात. असे विषय टाळावेत, की आत्ताच स्पष्ट बोलून मोकळं व्हावं?
– एक वाचक, पुणे

उत्तर : त्या इमोजीचं आधी बघू, कारण तुमची खरी अडचण तिथूनच सुरू झाली आहे.

‘नाही का?’ असं शेपूट लावून कुणी मत मांडलं, की समोरच्याने मान डोलवावी अशी अपेक्षा त्यातच असते. अनिता पोमेरान्ट्झ या अमेरिकन संशोधक बाईंनी माणसांची रोजची संभाषणं ध्वनिमुद्रित करून बारकाईने तपासली. १९८४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या लेखातलं निरीक्षण असं, की पटलेलं असलं तर होकार झटकन येतो, आणि पटलेलं नसलं तर उत्तर रेंगाळतं. आधी क्षणभर शांतता, मग ‘अं…’, मग ‘हो, तसं आहे, पण…’. समोरासमोर किंवा फोनवर ही कुचंबणा ऐकू येते आणि शहाणा माणूस तिथेच गिअर बदलतो. चॅटवर ती पोचतच नाही. तुम्ही दहा मिनिटं घुटमळलात तरी त्यांना वाटणार, गॅसवर काहीतरी असेल. मग इमोजी आला आणि त्यांनी तो सरळ होकार म्हणून जमा करून घेतला. आता पुढचा व्हिडिओ येईल, बहुधा जरा जास्तच तिखट. तोवर मागचा इमोजी उकरून खुलासा करू नका. खुलाशाने गोष्ट आहे त्याहून मोठी होते.

टाळायचं की बोलायचं, हे विषय किती तापलेला आहे यावर ठरवू नका. ते मत लग्नानंतर घरात शिरणार आहे का, एवढंच पाहा. मुख्यमंत्री कोण व्हावा याबद्दल नवरा-बायकोचं पटलं नाही तरी सकाळचा डबा वेळेवर होतो. मतदान गुप्त आहे, आणि ते नवऱ्यापासूनही गुप्त ठेवता येतं. शिवाय २०२२-२३ मध्ये आपल्याकडचे दोन मोठे पक्षच दुभंगले, त्यामुळे पिढीजात मतदारालाही आपण नक्की कोणाचे हे सांगताना थबकावं लागतं. अशा गोष्टीवर पहिल्या आठवड्यात वाद घालण्यात हशील नाही. आरक्षण, जात, धर्म यांचं तसं नाही. घरात कोण जेवायला बसेल, पोरांचे मित्र कोण असतील, नणंदेने परजातीत लग्न ठरवलं तर काय होईल, हे सगळं त्या मतांना चिकटून येतं. पहिल्या प्रकाराला बगल द्या. दुसऱ्याला देऊ नका.

पहिल्याला बगल दिली तर पुढे फसगत होईल अशी भीती बहुतेकांना वाटते. याबाबतीत अमेरिकेतल्या एका जुन्या प्रश्नाची गोष्ट उपयोगी पडेल. तुमच्या मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या माणसाशी लग्न केलं तर चालेल का, असं तिथे १९६० च्या सुमारास एका सर्वेक्षणात विचारलं गेलं होतं. तेव्हा नाराजी दाखवणारे अगदी तुरळक निघाले. २०१० मध्ये तसाच प्रश्न विचारला, तर रिपब्लिकन लोकांपैकी जवळजवळ निम्मे आणि डेमोक्रॅट लोकांपैकी सुमारे एक तृतीयांश नाराज. देश दुभंगला, असा त्याचा अर्थ लावला गेला. पण २०१८ मध्ये समारा क्लार, याना क्रुप्निकोव्ह आणि जॉन रायन या संशोधकांनी प्रश्नाला एक पुरवणी जोडली : हा जावई किंवा ही सून राजकारणावर क्वचितच बोलते, किंवा सतत बोलते. क्वचित बोलणारा म्हटल्यावर विरोध बराच मावळला. उलट आपल्याच पक्षाचा, पण सतत राजकारण बोलणारा जावई पुष्कळांना नकोसा वाटला. तिथली दोन पक्षांची मांडणी आपल्याला जशीच्या तशी लागू होत नाही. पण जेवणाच्या ताटावर राजकारण घेऊन बसणारा पाहुणा कुणाला ठाऊक नाही? तेव्हा त्यांचा पक्ष कोणता यापेक्षा त्यांना थांबता येतं का, हे कळणं तुमच्या जास्त कामाचं. आणि ते बगल दिल्यावरच कळतं.

बगल देण्याच्या प्रचलित तऱ्हा मात्र वाईट आहेत. एक म्हणजे ब्लू टिक दिसू द्यायची आणि दिवसभर गप्प बसायचं. त्याने समोरचा बुचकळ्यात पडतो, मग स्वतःच्या मनाने अर्थ लावतो. दुसरी, एकदम ‘जेवलात का?’. हे इतकं उघड असतं की दार तोंडावर लावल्यासारखं वाटतं. तिसरी, टोमणा. ती सगळ्यात घातक. २००५ साली जस्टिन क्रूगर आणि सहकाऱ्यांनी केलेल्या प्रयोगात ईमेलमधून उपरोधिक आणि सरळ अशी दोन्ही प्रकारची वाक्यं पाठवायला सांगितली होती. आपला सूर शंभरपैकी ७८ वेळा तरी ओळखला जाईल, असं लिहिणाऱ्यांना वाटत होतं. प्रत्यक्षात तो ५६ वेळा ओळखला गेला. म्हणजे छापा-काट्याच्या जरासंच वर. ‘वा, काय विचार आहेत!’ असं तुम्ही चिडून लिहाल आणि ते खूश होऊन आणखी दोन व्हिडिओ पाठवतील.

पुढचा व्हिडिओ आला की साधारण असं लिहून बघा :

‘पाहिला. एडिटिंग भारीच आहे! पण मतदारांना मूर्ख म्हणायला माझी जीभ रेटत नाही हो, आमच्याकडे बाबा त्यांना मत देतात आणि आई दुसऱ्यांना. निकालाच्या दिवशी रिमोट लपवावा लागतो. बरं, परवा हरिश्चंद्रगडाचं अर्धवट राहिलं. नळीच्या वाटेने गेला होतात की पाचनईकडून?’

यात आधी त्यांनी पाठवलेल्या गोष्टीची दखल आहे, म्हणजे ती झटकून टाकलेली नाही. दाद एडिटिंगला आहे, मताला नाही, त्यामुळे मागच्या इमोजीचाही हिशेब जाता जाता मिटतो. नंतर तुमची बाजू आहे, पण घरातल्या गमतीच्या रूपात. तुमचे बाबा नेमके त्या ‘महामूर्खां’त मोडतात, ही माहिती त्यांना न ओरडता मिळते आणि सावरायला जागाही राहते. शेवटचा प्रश्न त्यांनीच आधी काढलेल्या विषयातला आहे. हार्वर्डमधल्या संशोधकांनी २०१७ मध्ये गप्पांमधले प्रश्न तपासले, त्यात समोरच्याच्या बोलण्याचा धागा पकडून पुढचा प्रश्न विचारणारी माणसं अधिक आवडल्याचं दिसलं. साधी गोष्ट आहे : ‘जेवलात का?’ कुणालाही विचारता येतं, नळीची वाट फक्त त्यांनाच.

मग त्यांचं उत्तर नीट वाचा. ‘अरे बापरे, सॉरी! आमच्याकडेही काका आणि आजोबा असेच भांडतात,’ असं आलं तर उत्तमच. व्हिडिओचं नाव न काढता नुसतंच नळीच्या वाटेचं वर्णन आलं तरी चांगलं, तुमचं वळण त्यांना समजलं. ‘तुमच्या बाबांना एकदा समजावायला हवं,’ आणि सोबत तिसरा व्हिडिओ, असं आलं तर एकदा सरळ सांगा : ‘राजकारणावर मला चॅटवर बोलायचं नाही. भेटल्यावर हवं तर बोलू.’ त्यानंतरही चालूच राहिलं, तर तुम्हाला हवी होती ती माहिती मिळाली. पक्षाचा तिच्याशी संबंध नाही. नको म्हटलेलं त्यांना ऐकू येत नाही.

आता आरक्षण. इथे विषय बदलू नका, पण चॅटवर वादही घालू नका. मागचा अनुभव विचारा : ‘हे तुमच्या ॲडमिशनच्या वेळचं का?’ अशा मतांमागे पुष्कळदा कॅप राउंडमध्ये हुकलेली एखादी जागा असते. ती हकिगत पूर्ण ऐकली की माणूस जरा शांत होतो आणि मग तुमचं म्हणणं ऐकायला मोकळा होतो. तुम्हाला वेगळं वाटत असेल तर ते तेव्हा सांगा, फोनवर. फोनवर ‘अं…’ ऐकू येतो.

एक भेद मात्र डोळ्यांत तेल घालून पाहा. ‘आरक्षण आर्थिक निकषावर असावं’ हे धोरणाबद्दलचं मत झालं. त्यावर दोन चांगली माणसं आयुष्यभर वाद घालून सुखाने नांदू शकतात. ‘या लोकांना आयतं मिळालंय, लायकी कुठे असते’ हे माणसांबद्दलचं आहे. दुसरं वाक्य आलं तर हसू नका, वळवूही नका. ‘मला हे पटत नाही. माझ्याबरोबर काम करणाऱ्यांबद्दल मी असं ऐकून घेत नाही,’ एवढं लिहून थांबा. स्थळ हातचं जाण्याची भीती इथे बाळगू नका. बायोडेटात ‘जातीची अट नाही’ असं छापून पुढे कंसात दोन-चार जाती वगळणारी घरं आपल्याकडे काही कमी नाहीत. तो कंस आधी दिसला तर बरंच.

आणि साखरपुड्याआधी समोरासमोर बसून घरातलाच प्रश्न विचारा : ‘माझ्या मैत्रिणी सगळ्या समाजांतल्या आहेत, घरी येऊन राहतातही. तुमच्या आईंना चालेल ना? आणि नाही चाललं तर तुम्ही काय कराल?’ उत्तर दुसऱ्या प्रश्नाचं ऐका.

लिहिताना एवढं ध्यानात असू द्या, की ठरवून होणाऱ्या लग्नात चॅट दोघांपुरतं राहत नाही. स्क्रीनशॉट त्यांच्या ताईकडे जातो, ताईकडून मामींकडे. त्यांच्या माणसांबद्दल किंवा कुठल्याही समाजाबद्दल जे मामींसमोर बोलणार नाही ते टाइप करू नका. त्यांचे स्क्रीनशॉट तुमच्या मैत्रिणींच्या ग्रुपवर गेले असतील तर तेही आता थांबवा.

तुम्ही स्वतः राजकारणात असाल, मोर्च्यांना जात असाल किंवा एखाद्या पक्षाचं काम करत असाल, तर मात्र बगल वगैरे विसरा. पहिल्याच फोनवर सांगून टाका, आणि विचारसरणीच्या भाषेत नको, वेळापत्रकाच्या भाषेत सांगा : निवडणूक लागली की महिनाभर मला घरी यायला रात्रीचे अकरा वाजतात.