साडेसात टक्के की बारा?

प्रश्न : १ जानेवारी २०२३ ला म्युच्युअल फंडात १ लाख रुपये गुंतवले, १ ऑक्टोबरला आणखी १ लाख. १ जानेवारी २०२४ ला मूल्य २,१५,००० झाले. म्हणजे परतावा साडेसात टक्केच ना?

उत्तर : नाही. दुसरा लाख फक्त ९२ दिवस कामाला होता. दोन्ही रकमा ज्या एकाच वार्षिक दराने वाढून २,१५,००० होतील, तो दर म्हणजे एक्सआयआरआर. त्याचे थेट सूत्र नाही. अंदाज घेऊन सुधारत जावे लागते. १० टक्के धरा : पहिल्या लाखाचे १,१०,०००, दुसऱ्याचे (१.१० चा ९२/३६५ वा घात) सुमारे १,०२,४३१. बेरीज कमी पडते. १२ टक्क्यांना २,१४,८९८, अजून १०२ रुपये कमी; १३ ला २,१६,१२८, जास्त. म्हणजे उत्तर बाराच्या किंचित वर, सुमारे १२.०८ टक्के.

एक्सेलही अशीच चाचपणी करते, पहिला अंदाज १० टक्के धरून. तारखा A मध्ये, रकमा B मध्ये लिहा :

```
=XIRR(B2:B4,A2:A4)
```

गुंतवणूक उणे चिन्हाने लिहा, शेवटचे मूल्य अधिक. सगळ्यांचे चिन्ह एकच असेल तर `#NUM!` येते. दोन-तीन महिन्यांच्या गुंतवणुकीवर मात्र हा आकडा काढूच नका, तो उगाच फुगतो.